चित्र दिसलं, म्हणजे रेकॉर्डिंग झालं असं नाही

सहा-सात वर्षांपूर्वी कॅमेरे बसवून घेतलेल्या बऱ्याच सोसायट्यांपुढे सध्या एक पेच उभा राहतो. रेकॉर्डर ठणठणीत आहे, आठपैकी सहा कॅमेरे चालू आहेत, पण पार्किंगमधला आणि पाण्याच्या टाकीजवळचा असे दोन गेलेत. तेच मॉडेल आता बाजारात मिळत नाही. एक तर कंपन्या दर दोन-तीन वर्षांनी मॉडेल बदलतात. त्यात एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सरकारमान्य सुरक्षा चाचणीतून जावं लागतं, त्यामुळे बरीच जुनी मॉडेलं दुकानांतून हटली. मग दुकानदार दुसऱ्याच कंपनीचा कॅमेरा काढतो, खोक्यावरच्या `ONVIF` या अक्षरांवर बोट ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, ऑनव्हिफ आहे. कुठल्याही एनव्हीआरला चालतो."

हे वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. उरलेलं अर्धं बहुतेक वेळा चोरी झाल्यावर कळतं. तोपर्यंत मॉनिटरवर आठही चौकोन झकास दिसत असतात.

एक खुलासा आधीच करतो. जाड, गोल केबलवर चालणारे जुने कॅमेरे आणि त्यांचा डीव्हीआर हा वेगळा प्रकार आहे, ऑनव्हिफचा त्या केबलीशी संबंध नाही. आपण बोलतोय ते नेटवर्क केबलवरच्या आयपी कॅमेऱ्यांबद्दल आणि त्यांचं चित्रण साठवणाऱ्या एनव्हीआरबद्दल. आयपी कॅमेरा हा खरं तर छोटा संगणकच असतो. चित्र टिपणं, ते आवळून लहान करणं, काही हललं का ते ओळखणं ही कामं तो स्वतःच करतो आणि तयार प्रवाह रेकॉर्डरकडे पाठवतो. रेकॉर्डर त्याला सांगतो, 'चित्र दे', 'घड्याळ लाव', 'काही हललं तर कळव'. हा संवाद पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या बोलीत करायची. एका कंपनीचा कॅमेरा दुसरीच्या रेकॉर्डरला जोडायचा, तर रेकॉर्डर बनवणाऱ्याने ती बोली मुद्दाम शिकून घ्यावी लागे.

२००८ साली ॲक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी एकत्र येऊन ऑनव्हिफ ही संस्था काढली, ती या संवादासाठी एक सामाईक बोली ठरवायला. पुढे शेकडो उत्पादक तिच्यात आले. मात्र कंपन्यांनी आपापल्या जुन्या बोली सोडल्या नाहीत. एकाच कंपनीचा कॅमेरा आणि रेकॉर्डर आजही आपसात घरच्या बोलीत बोलतात, परका समोर आला की ऑनव्हिफ वापरतात. यूपीआयचा अनुभव आठवा. कुठल्याही बँकेच्या ॲपमधून कुठल्याही बँकेत पैसे जातात, पण मुदत ठेव मोडायची तर आपल्याच बँकेच्या ॲपमध्ये जावं लागतं. ऑनव्हिफमधून चित्र पोचतं. कॅमेऱ्याच्या जाहिरातीत ज्या करामती असतात, त्यातल्या पुष्कळशा घरच्या बोलीतच अडकून राहतात.

नुसतं 'ऑनव्हिफ आहे' म्हणण्याला तसा फारसा अर्थ नाही. 'कुठलं प्रोफाइल?' हा विचारायचा प्रश्न. प्रोफाइल म्हणजे ठरावीक कामांचा संच. ज्या उत्पादनावर त्या प्रोफाइलचं नाव आहे, त्याला त्यातली सक्तीची कामं यायलाच हवीत. काही कामं सशर्त असतात. म्हणजे कॅमेरा फिरणारा असेल तर तो फिरवण्याची आज्ञा ऑनव्हिफच्या बोलीतही कळायला हवी. फिरणारा नसेल तर प्रश्नच नाही. आपल्याला दोनच प्रोफाइलं नीट माहीत असली तरी पुरे. एस हे जुनं आणि सर्वत्र आढळणारं: चित्र देणं-घेणं आणि जुजबी मांडणी. टी हे २०१८ मध्ये आलेलं: एच.२६५ हा नवा चित्रसंकोच, हालचालीची सूचना, लेन्सपुढे कोणी हात धरला किंवा कॅमेरा वळवला तर त्याची खबर, अशा गोष्टी त्यात बसवल्या. कार्डवरच्या रेकॉर्डिंगसाठी जी आहे, कॅमेऱ्याने काढलेल्या निष्कर्षांसाठी, म्हणजे 'हा माणूस', 'ही गाडी' यांसाठी, २०२१ मध्ये आलेलं एम आहे.

प्रोफाइल दोन्ही बाजूंना लागतं. कॅमेरा टी आणि रेकॉर्डर फक्त एस असेल तर दोघांची गाठ एसवरच पडते. नव्या कॅमेऱ्याचं सगळं शहाणपण जुन्या रेकॉर्डरपुढे मुकं होतं, आणि यात कोणाचीच लबाडी नसते.

लबाडी दुसरीकडे असते. ऑनव्हिफ कोणाला प्रमाणपत्र देत नाही. सदस्य कंपनी संस्थेचं चाचणीचं सॉफ्टवेअर वापरून आपलं उत्पादन स्वतः तपासते, निकाल संस्थेकडे पाठवते आणि मग ते संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीत येतं. त्या नोंदीत मॉडेलचा क्रमांक आणि फर्मवेअरची आवृत्ती असते, कारण दावा त्या आवृत्तीपुरता असतो. खोक्यावर अक्षरं छापायला मात्र छापखाना पुरतो. म्हणून खरेदीआधी onvif.org वरच्या यादीत मॉडेल शोधावं; दोन मिनिटांचं काम आहे. यादीत नसलेला कॅमेरा चालणारच नाही असं नाही. कित्येक चालतात. फक्त त्याच्या चालण्याला कोणी बांधील नाही.

आता आपल्या सोसायटीचं उदाहरण पुढे नेऊ. ते कल्पित आहे, पण यातली प्रत्येक अडचण रोज कुठे ना कुठे घडत असते. रेकॉर्डर आठ चॅनेलचा, मागे आठ पीओई पोर्ट, म्हणजे एकाच केबलमधून वीज आणि चित्र. जुने कॅमेरे रेकॉर्डरच्याच कंपनीचे. टेक्निशियन नवा, परका कॅमेरा टाकीजवळ बसवतो, केबल त्याच जुन्या पोर्टमध्ये खुपसतो आणि वाट पाहतो. जुना कॅमेरा बसवला तेव्हा मिनिटभरात आपोआप चित्र आलं होतं. आता काहीच येत नाही. कॅमेऱ्याला वीज मिळाली आहे, रात्रीचे लाल दिवे मिणमिणताहेत, पण चौकोन काळा.

ते आपोआप येणं ही ऑनव्हिफची नव्हे, घरच्या बोलीची सोय होती. मागचे पीओई पोर्ट मिळून रेकॉर्डरचं एक खासगी छोटं नेटवर्क असतं. सोसायटीच्या राउटरचं नेटवर्क `192.168.1` पासून सुरू होत असेल, तर या पोर्टांमागचं भलतंच काही असतं. रेकॉर्डर आपल्या कंपनीच्या कॅमेऱ्याला ओळखतो, त्याला त्या नेटवर्कमधला पत्ता देतो, आपलाच पासवर्डही लावून टाकतो. परका कॅमेरा मात्र कारखान्यातून आलेला स्वतःचा पत्ता धरून बसतो. ऑनव्हिफमध्ये कॅमेरे शोधण्याची सोय आहे. रेकॉर्डर नेटवर्कवर हाक मारतो आणि ऐकणारे कॅमेरे ओ देतात. पण ही हाक साधारणपणे एका नेटवर्कच्या हद्दीतच ऐकू जाते, आणि ओ मिळाली तरी पत्ते जुळल्याशिवाय पुढचं बोलणं होत नाही.

माझं मत विचाराल तर परक्या कॅमेऱ्यासाठी मागच्या पोर्टचा नाद सोडावा. चार पोर्टचा एक वेगळा पीओई स्विच घ्यावा, तो राउटरला जोडावा, कॅमेरा त्याला लावावा आणि रेकॉर्डरचं मुख्य लॅन पोर्टही त्याच राउटरला असू द्यावं. दोघं एका नेटवर्कमध्ये येतात. शिवाय उद्या कॅमेऱ्याची मांडणी बदलायची झाली तर लॅपटॉपच्या ब्राउझरमधून थेट कॅमेऱ्याचं पान उघडता येतं. तसं दोन्ही कामांसाठी सारखं उघडावं लागतं.

त्याच पानावर दुसरी अडचण सापडते. आजकाल अनेक कंपन्या ऑनव्हिफ बंद ठेवूनच कॅमेरा विकतात. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. जो दरवाजा वापरायचा नाही तो उघडा कशाला ठेवा? पण खोक्यावर ऑनव्हिफ लिहिलेलं आणि आत ते बंद, हे माहीत नसलेला टेक्निशियन तासभर केबल बदलत बसतो. हिकव्हिजनच्या कॅमेऱ्यांत ही सोय नेटवर्कच्या प्रगत मांडणीत `Integration Protocol` या नावाच्या पानावर असते. तिथे ऑनव्हिफ चालू करावं लागतं आणि ऑनव्हिफसाठी वेगळा वापरकर्ता व वेगळा पासवर्ड तयार करावा लागतो. कॅमेऱ्यात शिरण्याचा नेहमीचा ॲडमिन पासवर्ड इथे आपोआप चालत नाही. टीपी-लिंकच्या टापो कॅमेऱ्यांत मोबाइल ॲपमध्ये जाऊन कॅमेरा अकाउंट असं वेगळं खातं काढावं लागतं, आणि ऑनव्हिफचं पोर्टही नेहमीचं ८० नसून २०२० असतं. बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी कॅमेऱ्यांचा मात्र विचारच सोडावा. वीज वाचवायला ते बहुतांश वेळ झोपलेले असतात, रेकॉर्डरला अखंड प्रवाह देणं त्यांच्या प्रकृतीत नाही.

आता रेकॉर्डरवर कॅमेरा हाताने भरायचा: पत्ता, पोर्ट, प्रोटोकॉलच्या यादीतून कंपनीऐवजी ऑनव्हिफ, मग नाव आणि पासवर्ड. सगळं बरोबर भरलं तरी रेकॉर्डर म्हणतो, पासवर्ड चुकला. पुन्हा भरतो, पुन्हा तेच. पाच-सहा प्रयत्नांनंतर कॅमेरा त्या वापरकर्त्याला काही मिनिटं कुलूपच लावतो, आणि मग खरोखर बरोबर पासवर्डही नाकारला जातो.

या ठिकाणी घड्याळ बघावं. ऑनव्हिफच्या एका पद्धतीत पासवर्ड उघडा पाठवत नाहीत. पासवर्ड, एक तात्पुरती संख्या आणि त्या क्षणाची वेळ यांचा मिळून एक सांकेतिक ठसा करतात आणि तो पाठवतात. चोरून ऐकणाऱ्याने तोच ठसा तासाभराने वापरला तर चालू नये म्हणून त्यात वेळ घातलेली असते. नव्या कॅमेऱ्याचं घड्याळ १ जानेवारी १९७० किंवा २००० दाखवत असेल, तर रेकॉर्डरने आज पाठवलेला ठसा त्याला भलत्याच काळातला वाटतो आणि तो फेटाळतो. शहाणे रेकॉर्डर आधी कॅमेऱ्याची वेळ विचारून घेतात आणि त्या हिशेबाने ठसा बनवतात. सगळे तेवढे शहाणे नसतात. उपाय सोपा आहे: कॅमेऱ्याच्या पानावर जाऊन वेळ आणि आपला साडेपाच तासांचा वेळपट्टा लावायचा, रेकॉर्डरचंही घड्याळ तपासायचं आणि मग जोडायचं. पुढे घड्याळ सरकू नये म्हणून दोघांना एकाच वेळसेवेला बांधून ठेवावं. चोरीच्या फुटेजमध्ये दोन कॅमेऱ्यांत वीस मिनिटांचा फरक असेल तर पोलिसांना समजावताना तोंडाला फेस येतो.

चित्र आलं. कमिटीचे सभासद मोबाइलवर बघून खूश झाले, टेक्निशियनला पैसे मिळाले. इथवरच्या अडचणी त्रासदायक असल्या तरी प्रामाणिक होत्या. काही चुकलं की काळा चौकोन दिसत होता. आता ज्या येतात त्या दिसत नाहीत.

पहिली चित्राच्या प्रवाहाची. आयपी कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह देतो: मुख्य प्रवाह पूर्ण तपशिलाचा आणि उपप्रवाह लहान, हलका. मॉनिटरवर आठ चौकोन एकदम दाखवताना रेकॉर्डर सहसा उपप्रवाह वापरतो, नाहीतर त्याचा दम निघेल. साठवतो मात्र मुख्य प्रवाह. म्हणजे चौकोनात चित्र दिसणं हा मुख्य प्रवाह पोचत असल्याचा पुरावाच नव्हे. नवा कॅमेरा मुख्य प्रवाह एच.२६५ मध्ये देतोय आणि जुन्या रेकॉर्डरचं एच.२६५ फक्त स्वतःच्या कंपनीपुरतं आहे, हे जोडीजोडीने घडतं. प्रोफाइल एसच्या जुन्या बोलीत चित्रसंकोचाच्या प्रकारांत एच.२६५ हा शब्दच नव्हता, तो नव्या माध्यम-सेवेत आला आणि तीच सेवा प्रोफाइल टीने घेतली. ओळखायची खूण ही: चौकोनावर दोनदा क्लिक करून चित्र पूर्ण पडद्यावर आणा. पूर्ण पडदा काळा झाला किंवा गोठला, पण लहान चौकोनात चित्र हलतंय, तर मुख्य प्रवाहात घोटाळा आहे. अशा वेळी कॅमेऱ्याच्या पानावर मुख्य प्रवाह साध्या एच.२६४ वर आणावा.

साध्या म्हणताना त्यापुढच्या अधिक चिन्हाकडे लक्ष ठेवावं. `H.265+`, `Smart H.264` वगैरे नावांनी कंपन्या जागा वाचवण्याच्या स्वतःच्या युक्त्या देतात. बहुतेकांचं मर्म एकच: पूर्ण चित्र क्वचित पाठवायचं आणि मधल्या काळात फक्त बदललेला भाग. घरच्या रेकॉर्डरला हा खेळ माहीत असतो. परक्या रेकॉर्डरवर फुटेज मागे-पुढे केलं की कित्येक सेकंद काहीच दिसत नाही, मग एकदम चित्र उडी मारतं. ही युक्ती बंद करावी आणि पूर्ण चित्राचं अंतर, ज्याला मांडणीत `I Frame Interval` म्हणतात, एक ते दोन सेकंदांत बसवावं. सेकंदाला २५ चित्रं असतील तर तिथे २५ ते ५० हा आकडा येतो.

याची किंमत हार्ड डिस्क मोजते. एक कॅमेरा सेकंदाला ४ मेगाबिट पाठवत असेल तर दिवसभराच्या अखंड रेकॉर्डिंगला सुमारे ४३ जीबी लागतात. तसे आठ कॅमेरे म्हणजे दिवसाला साधारण ३४६ जीबी, आणि ४ टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते. त्यातले दोन कॅमेरे एच.२६४ वर आणून दुप्पट, म्हणजे ८ मेगाबिटवर ठेवले तर दिवसाचा खर्च ४३२ जीबी होतो आणि मुदत नऊ दिवसांवर येते. परगावी गेलेला सभासद दहा दिवसांनी परतून तक्रार करील, तेव्हा त्याचं फुटेज पुसलेलं असेल. डिस्क वाढवा किंवा नेमकं काय गमावतोय ते कमिटीला आधीच सांगा.

दुसरी न दिसणारी अडचण सगळ्यात घातक. डिस्क वाचवायला बहुतेक सोसायट्यांत 'हालचाल झाली तरच रेकॉर्डिंग' अशी मांडणी असते. पहिल्या सहा कॅमेऱ्यांवर ती वर्षानुवर्षं नीट चालली. सातवा कॅमेरा परका. हालचाल ओळखण्याचं काम कॅमेऱ्याचं, आणि ओळखल्यावर रेकॉर्डरला खबर द्यायची. प्रोफाइल एसमध्ये खबर पोचवण्याची रीत ठरलेली आहे, पण हालचालीच्या खबरेला कुठल्या नावाने हाक मारायची याबाबत कंपन्यांचं एकमत झालं नाही. कोणी `CellMotionDetector` नावाखाली खबर पाठवतं, कोणी `MotionAlarm` नावाखाली. रेकॉर्डर एका नावाकडे कान लावून बसलेला आणि कॅमेरा दुसऱ्या नावाने ओरडतोय, असं झालं तर रेकॉर्डरच्या लेखी टाकीजवळ कधी काही हललंच नाही. पडद्यावर चित्र सुरेख, चूक कुठलीच दाखवत नाही आणि डिस्कवर शून्य. प्रोफाइल टी दोन्ही बाजूंना असेल तर ही खबर बरीच भरवशाची होते, म्हणूनच शक्य असेल तिथे टीचा आग्रह धरावा.

हे तपासायला यंत्र लागत नाही. वॉचमनला टाकीपाशी चालत पाठवा, मग पाच मिनिटं तिथे कोणी जाऊ नका, मग पुन्हा चालायला सांगा. आता रेकॉर्डरवर थेट चित्र न बघता त्या वेळेचं प्लेबॅक उघडा. कालरेषेवर दोन पट्टे उमटायला हवेत आणि ते चालवल्यावर वॉचमन दिसायला हवा. हीच परीक्षा रात्री पुन्हा घ्या. पट्टे नसतील तर आधी कॅमेऱ्याच्या पानावर त्याची स्वतःची हालचाल-ओळख चालू आहे का ते बघा. पुष्कळदा रेकॉर्डरवर केलेली मांडणी परक्या कॅमेऱ्यापर्यंत जातच नाही आणि तिथे ती बंदच असते. ती चालू असूनही पट्टे येत नसतील तर त्या एका चॅनेलला चोवीस तास अखंड रेकॉर्डिंगवर टाका आणि मोकळे व्हा. अखंड रेकॉर्डिंगला खबरेची गरजच नसते, त्यामुळे ऑनव्हिफवर त्याचं सहसा काही अडत नाही. डिस्क थोडी जास्त खर्ची पडते, वरचा हिशेब हाताशी आहेच.

दोष कॅमेऱ्याचा की रेकॉर्डरचा, यावर दोन दुकानदारांत जुंपते, आणि दोघंही समोरच्याकडे बोट दाखवतात. निवाडा करायला तिसरा साक्षीदार उपयोगी पडतो. विंडोजवर चालणारं ऑनव्हिफ डिव्हाइस मॅनेजर हे मोफत सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून त्याच नेटवर्कला जोडलं की कॅमेरा यादीत येतो का, पासवर्ड स्वीकारतो का, चित्र देतो का, कोणासमोरून चाललं की खबर पाठवतो का, हे सगळं समोर दिसतं. तिथे सगळं चालतंय आणि रेकॉर्डरवर नाही, तर कॅमेरा निर्दोष. नुसत्या चित्राची शंका असेल तर व्हीएलसीही पुरतं. नेटवर्क प्रवाह उघडायच्या जागी कॅमेऱ्याचा थेट पत्ता द्यायचा. हे पत्ते कंपनीगणिक वेगळे असतात. उदाहरणार्थ, पहिला हिकव्हिजनचा आणि दुसरा दाहुआचा, दोन्ही मुख्य प्रवाहाचे (कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड आपापला घालायचा):

```
rtsp://user:pass@192.168.1.64:554/Streaming/Channels/101
rtsp://user:pass@192.168.1.108:554/cam/realmonitor?channel=1&subtype=0
```

पहिल्यात शेवटी १०१ ऐवजी १०२ घातलं की उपप्रवाह येतो, दुसऱ्यात `subtype=1` केलं की. ऑनव्हिफ काही केल्या जमत नसेल तर अनेक रेकॉर्डर असा थेट पत्ताही स्वीकारतात. मग चित्र मिळतं आणि फक्त चित्रच मिळतं. खबर नाही, फिरवणं नाही, वेळ लावणं नाही. अखंड रेकॉर्डिंगसाठी तेवढंही पुरेसं असतं.

परक्या कॅमेऱ्याच्या खोक्यावर आणखी बरंच लिहिलेलं असतं: माणूस आणि कुत्रा यांतला फरक ओळखतो, रेषा ओलांडली की भोंगा वाजवतो, गाडीची नंबरप्लेट वाचतो, दोन्ही बाजूंनी बोलता येतं. या गोष्टी परक्या रेकॉर्डरवर मिळतील असं धरून पैसे मोजू नयेत. दुतर्फा आवाज प्रोफाइल टीमध्ये आहे, पण सशर्त. माणूस-गाडीच्या ओळखीसाठी प्रोफाइल एम आहे, पण घरगुती रेकॉर्डर त्याचा कितपत उपयोग करील ते करून बघितल्याशिवाय सांगता येत नाही. 'फक्त माणूस दिसलेले प्रसंग दाखव' असं रेकॉर्डरवर शोधणं बहुतेक वेळा घरच्या जोडीतच जमतं. रेकॉर्डरवरून कॅमेऱ्याचं फर्मवेअर बदलणं, विसरलेला पासवर्ड सोडवणं हीही घरचीच कामं. म्हणून गेटवर नंबरप्लेट वाचणारा महागडा कॅमेरा लावायचा असेल तर रेकॉर्डर त्याच्या कंपनीचा घ्यावा आणि बाकीचे साधे कॅमेरे त्याला परके म्हणून जोडावेत. उलट केलं तर महागाचं शहाणपण वाया जातं.

सरकारी सुरक्षा चाचणीतून पास झालेला कॅमेरा म्हणजे कुठल्याही रेकॉर्डरला जुळणारा, असंही काही विक्रेते सुचवतात. ती चाचणी कॅमेऱ्यात बाहेरून शिरकाव करता येतो का, माहिती सांकेतिक करून पाठवली जाते का, असल्या प्रश्नांची आहे. जोडी जमण्याची हमी तिच्यात नाही.

जोडी एकदा जमली की फर्मवेअरला हात लावताना जपून. ऑनव्हिफचा दावा आवृत्तीपुरता असतो हे वर आलंच. सुरक्षेसाठी नवी आवृत्ती घालावी लागतेच, पण ती एका कॅमेऱ्यावर घालून, ऑनव्हिफ अजून चालू आहे ना आणि त्याचा वापरकर्ता शाबूत आहे ना ते बघून, वॉचमनची ती चालण्याची परीक्षा पुन्हा घ्यावी, मग दुसऱ्यावर. जुन्या आवृत्तीचा क्रमांक आधी लिहून ठेवलेला असला तर बिघडल्यावर कंपनीशी बोलताना फार उपयोग होतो.

शिवाय परक्या कॅमेऱ्यात एक मेमरी कार्ड घालून ठेवावं. बहुतेक कॅमेऱ्यांत त्याची जागा असते. रेकॉर्डरने खबर ऐकली नाही, केबल तुटली, डिस्क भरली तरी कॅमेरा स्वतःकडे चित्रण ठेवत राहतो, आणि हालचाल ओळखणारा आणि साठवणारा तोच असल्याने तिथे बोलीचा प्रश्नच येत नाही. ते फुटेज रेकॉर्डरच्या पडद्यावर दिसेल अशी अपेक्षा मात्र नको. त्यासाठी दोन्हीकडे प्रोफाइल जी लागतं, आणि ते स्वस्त यंत्रांत क्वचितच असतं. लॅपटॉपवरून कॅमेऱ्याचं पान उघडायचं आणि तिथून उतरवून घ्यायचं. त्यासाठी लागणारा कॅमेऱ्याचा पत्ता आणि पासवर्ड टेक्निशियनच्या मोबाइलमध्ये न राहता सोसायटीच्या दप्तरात हवा, आणि तो बिल देण्याआधी मागून घ्यावा.